द्राक्षबागेचा भिंतीवरचा दिवसतक्ता : छाटणीपासून काढणीपर्यंत रोजच्या चौकटीत काय लिहावे?

शिवारपान (सावळज, ता. तासगाव)

नमस्कार. आमची दोन एकर थॉमसनची बाग आहे आणि यंदा फळछाटणी रविवारी, 12 ऑक्टोबरला घेण्याचे ठरले आहे. आजवर वडील घरातल्या दिनदर्शिकेवर बारीक अक्षरात औषधे लिहीत असत. त्यातील निम्मी नोंद तिथी-नक्षत्राच्या छपाईखाली दबून जाते, आणि महिना संपून पान उलटले की मागचे कोणी पाहत नाही. म्हणून छाटणीपासून काढणीपर्यंतचे सर्व दिवस एकाच कागदावर दिसतील आणि काढणीला किती दिवस उरले हेही कळेल, असा मोठा तक्ता मोटारीच्या खोलीत लावावा असे मनात आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, दिवस उलटे मोजावेत की सुलटे? दुसरी आणि जास्त महत्त्वाची, प्रत्येक दिवसाच्या चौकटीत नेमके काय लिहावे? मित्राने दिलेले संपूर्ण फवारणीचे वेळापत्रक आधीच लिहून ठेवावे असा माझा बेत आहे.

अनुराधा मिरज

आमच्याकडे तीन वर्षांपासून असा तक्ता आहे आणि तो मीच भरते. कागदाच्या मापाविषयी आधी सांगते, कारण पहिल्या वर्षी आम्ही तिथेच चुकलो. चित्रकलेचा पूर्ण आकाराचा जाड कागद साधारण 56 बाय 71 सेंटिमीटर असतो. सात वारांचे सात उभे रकाने प्रत्येकी 7 सेंटिमीटरचे आणि आडव्या ओळी 3 सेंटिमीटरच्या घेतल्या, तर 22 ओळी बसतात. 12 ऑक्टोबर रविवारी येत असल्याने तुमची पहिली ओळ पूर्ण भरेल. तेथून 130 दिवसांचा हिशेब 19 ओळींत संपतो आणि खाली तीन ओळी मोकळ्या उरतात. त्या मोकळ्या ओळी सोडू नका असे कोणी म्हणाले तर ऐकू नका, कारण काढणी लांबली की त्याच लागतात. आम्ही पहिल्या वर्षी बरोबर 120 चौकटी आखल्या होत्या आणि शेवटचे बारा दिवस समासात लिहावे लागले.

शाईचेही पाहावे. मोटारीच्या खोलीत ओल असते, त्यामुळे जेल पेनची अक्षरे पंधरवड्यात पसरतात. साधे बॉलपेन टिकते.

आकडेमोड (सांगली)

तक्ता कशासाठी? शीटमध्ये एका चौकटीत छाटणीची तारीख लिहावी आणि शेजारी एक सूत्र द्यावे. बाग किती दिवसांची आहे हे फोनवर रोज आपोआप दिसते.

```
=TODAY()-A1
```

माझ्या वडिलांच्या बागेसाठी मी हेच केले आहे.

अनुराधा मिरज

@आकडेमोड, दिवसांचा आकडा तुमच्या फोनवर येईल, परंतु ट्रॅक्टर चालवणारा, पाणी सोडणारा आणि घरातील वडीलधारी माणसे यांच्यासमोर तो राहत नाही. आमच्याकडे औषध कालवायला उभा राहिलेला माणूस तोंड वर करतो आणि समोरच तक्ता असतो, हा त्याचा उपयोग आहे.

जुना माळकरी (कवठे महांकाळ)

धागा उशिरा पाहिला. चाळीस वर्षे द्राक्षात काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उलटे की सुलटे, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही असे आहे, कारण हे दोन आकडे दोन वेगळ्या कामांचे आहेत. वेलीची वाढ छाटणीपासून सुलटी मोजली जाते. डोळे साधारण आठ ते बारा दिवसांत फुटतात, फुलोरा पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास येतो, मण्यात पाणी उतरायला ऐंशी-नव्वद दिवस लागतात. गावात कोणी विचारले तर आपण बाग इतक्या दिवसांची झाली असेच सांगतो. वेलीला काढणीची तारीख ठाऊक नसते, तिला छाटणी ठाऊक असते.

परंतु औषधाचा अंश मण्यात राहू नये म्हणून शेवटची फवारणी आणि काढणी यांत जे अंतर ठेवावे लागते, ज्याला आपण सगळे पीएचआय म्हणतो, ते काढणीपासून उलटेच मोजावे लागते. येथेच बहुतेकांची चूक होते, कारण डोक्यात सुलटा आकडा फिरत असतो.

माझ्या बागेत घडलेले सांगतो. छाटणी अशीच 12 ऑक्टोबरला होती. छाटणीचा दिवस शून्य धरला तर 31 डिसेंबरला बाग 80 दिवसांची होते आणि 130 वा दिवस 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीला येतो. बाग 98 दिवसांची असताना, म्हणजे 18 जानेवारीला, दव फार पडले आणि मी घाबरून एक औषध मारले, ज्याचा पीएचआय 40 दिवसांचा होता. अजून महिनाभर वेळ आहे, एवढाच विचार मनात होता. 18 जानेवारीपासून 40 दिवस मोजले की 27 फेब्रुवारी येते. माल 19 तारखेला तयार झाला, व्यापारी बागेत येऊन उभा राहिला, आणि मला आठ दिवस कात्री लावता आली नाही. त्या आठ दिवसांत भाव उतरला. औषध चुकीचे नव्हते, मात्रा चुकीची नव्हती, फक्त मोजणीची दिशा चुकीची होती.

तेव्हापासून छाटणीच्या दिवशीच मी तक्त्यावर तांबड्या रेघा मारून ठेवतो. 19 फेब्रुवारीच्या मागे 40 दिवस म्हणजे 10 जानेवारी, बाग 90 दिवसांची. त्या चौकटीच्या उजव्या कडेला तांबडी रेघ आणि तिच्यावर औषधाचे नाव. रेघेच्या पलीकडे ते औषध डब्यातून बाहेर काढायचे नाही. प्रत्येक औषधाचा पीएचआय वेगळा असतो आणि मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी, जिला आपण ॲनेक्शर पाच म्हणतो, तीही बदलत राहते. म्हणून गेल्या वर्षीच्या तक्त्यावरून रेघा उतरवून घेऊ नयेत, त्या वर्षीची यादी पाहूनच माराव्यात.

आता वेळापत्रक आधीच लिहून ठेवण्याविषयी. शाईने कृपा करून लिहू नका. पेनने लिहिलेली आगाऊ ओळ दोन महिन्यांनी झालेल्या कामासारखी वाचली जाते आणि ते औषध मारले की केवळ ठरवले होते, हे कोणालाच सांगता येत नाही. योजना पेन्सिलीने, झालेले काम पेनने.

शिवारपान

काका, मनापासून आभार. 98 व्या दिवसाची गोष्ट वडिलांना वाचून दाखवली. एक शंका आहे. छाटणीचा दिवस शून्य की एक? आमच्या गावात काहीजण छाटणीलाच पहिला दिवस म्हणतात.

जुना माळकरी

मी शून्य धरतो, कारण छाटणीच्या दिवशी वेलीचा एकही दिवस सरलेला नसतो. @आकडेमोड यांच्या सूत्रातही त्या दिवशी शून्यच येईल. परंतु तुमचा सल्लागार एक धरत असेल तर तुम्हीही एकच धरा, म्हणजे तो "विसाव्या दिवशी जीए द्या" म्हणेल तेव्हा दोघांचा विसावा दिवस एकच असेल.

दंडोबा (मिरज पूर्व)

मी या मताशी सहमत नाही. आमच्या भागात शंभरातले नव्वद लोक छाटणीचा दिवस एक धरतात आणि त्यांची बाग काही बिघडलेली नाही. शिवाय दुसरा मुद्दा असा की एका बागेची छाटणी कधी एका दिवसात संपत नाही. दोन एकराला मजूर कमी असले तर तीन दिवस जातात. मग शून्य कोणत्या ओळीचा?

जुना माळकरी

@दंडोबा, दुसरा मुद्दा अगदी योग्य आहे आणि त्याचे सर्वांना पटेल असे उत्तर माझ्याकडे नाही. मी वाढीसाठी शेवटच्या ओळीच्या छाटणीचा दिवस धरतो, कारण उशिराच्या वेलींना जीए लवकर दिले तर घड बिघडतो. तीन दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर एका तक्त्यावर दोन बागा समजून वेगळ्या रंगात आकडे लिहितो.

रॅकशेड (तासगाव)

आम्ही सगळा माल बेदाण्याला घालतो. आमच्यासाठी उलटी मोजणी निरर्थक आहे, कारण काढणी तारखेवर ठरत नाही, गोडीवर ठरते. रिफ्रॅक्टोमीटरवर 22 च्या वर ब्रिक्स आल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही. आणि बेदाण्याला पीएचआय पाहण्याचीही गरज नाही. माल डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमध्ये पंधरा-पंधरा दिवस वाळतो, त्यात औषध उडून जाते. तक्त्यावर ब्रिक्स लिहा, बाकी सोडून द्या.

जुना माळकरी

@रॅकशेड, ब्रिक्सविषयीचे तुमचे म्हणणे पूर्ण खरे आहे आणि ते मी लिहायला हवे होते. पाणी उतरल्यावर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, बागेच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून मणी घेऊन मोजलेला आकडा चौकटीत लिहिला, तर काढणीची तारीख आपोआप जवळ किंवा लांब सरकताना दिसते.

औषध उडून जाते हे मात्र धरून चालू नका. काही औषधांचा अंश वाळवताना कमी होतो, सगळ्यांचा होत नाही. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी निघून जाते, परंतु जे अंश टिकतात ते त्या एका किलोत एकवटतात.

रॅकशेड

आमची काढणी खाण्याच्या मालापेक्षा बरीच उशिरा होत असल्याने अंतर आपोआप पाळले जाते, असा माझा अनुभव आहे. तरीही चार किलोंचा मुद्दा विचारात घेतो.

कृष्णाकाठ (सातारा)

शीर्षकातील "भिंतीवरचा दिवसतक्ता" एवढेच वाचून मी आत आले आणि येथे सर्व चर्चा द्राक्षांची आहे, हे नंतर लक्षात आले. माझा शेतीशी संबंध नाही. तरीही लिहिते, कारण असाच तक्ता मी माझ्या पाच वर्षांच्या मुलासाठी केला होता.

माझे यजमान सैन्यात आहेत. ते सुटीवर येण्याच्या तारखेपर्यंत चाळीस चौकटी आखल्या आणि मुलगा रोज झोपण्यापूर्वी एक चौकट रंगवत असे. अडतिसाव्या दिवशी सुटी पुढे ढकलली गेल्याचा निरोप आला. मी खाली आणखी चौकटी काढून दिल्या, परंतु त्या दिवसानंतर त्याने तक्त्याला हात लावला नाही. मुलाला थांबणे जड गेले नव्हते. मी त्याला एक तारीख पक्की म्हणून सांगितली होती आणि ती खोटी ठरली, हे त्याला जड गेले.

पुढच्या वेळी मी शेवटची एक चौकट न दाखवता शेवटच्या दहा चौकटींना मिळून पिवळा पट्टा रंगवला आणि "यांपैकी एका दिवशी बाबा येतील" असे सांगितले. उरलेल्या दिवसांचे आकडे पट्ट्याच्या सुरुवातीपर्यंतच लिहिले. ते पट्ट्याच्या सातव्या दिवशी आले. मुलगा त्या सात दिवसांत एकदाही रडला नाही.

प्रत्येक चौकटीत काय लिहावे, याविषयी माझा अनुभव असा की मी आधी "आज हे कर, आज ते कर" असे लिहीत होते, तेव्हा राहिलेल्या कामांची यादी वाढत गेली. नंतर दिवसभरात जे घडले त्यातील बाबांना सांगण्याजोगे एक वाक्य लिहू लागलो. "दात पडला." "मांजरीला तीन पिल्ले झाली." ते आल्यावर दोघांनी बसून सगळा तक्ता वाचला.

जुना माळकरी

ताई, संबंध नाही असे म्हणू नका. मी माझ्या गोष्टीत जी उणीव ठेवली होती ती तुम्ही दाखवून दिली.

मी 19 फेब्रुवारी ही एकच तारीख धरून मागे मोजले. परंतु डिसेंबर-जानेवारीत थंडी जास्त पडली तर माल लांबतो, आणि व्यापारी लवकर आला किंवा गोडी लवकर भरली तर माल अलीकडे येतो. म्हणून काढणीचाही पिवळा पट्टाच हवा. समजा 120 ते 135 दिवसांचा पट्टा रंगवला. तो 9 फेब्रुवारीला सुरू होऊन 24 फेब्रुवारीला संपतो. औषधांच्या तांबड्या रेघा पट्ट्याच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजायच्या. 9 फेब्रुवारीच्या मागे 40 दिवस म्हणजे 31 डिसेंबर. माझ्या जुन्या रेघेपेक्षा ही दहा दिवस अलीकडे आली. मजूर, खोकी आणि गाडी यांची बोलणी मात्र पट्ट्याच्या मधल्या दिवसावरून करायची. एकाच काढणीसाठी दोन वेगळ्या तारखांवरून उलटे मोजावे लागते, हे इतकी वर्षे करूनही मी कधी शब्दांत मांडले नव्हते.

शिवारपान

ताई, काका, दोघांचेही आभार. पट्टा नक्की करतो. आता राहिला माझा दुसरा प्रश्न. रोज नेमके काय लिहू? 7 बाय 3 सेंटिमीटरमध्ये फार मावत नाही.

अनुराधा मिरज

मी चार गोष्टी लिहिते. वरच्या डाव्या कोपऱ्यात सुलटा आकडा पेनने आणि उजव्या कोपऱ्यात उलटा आकडा पेन्सिलीने, हे दोन्ही छाटणीच्या दिवशीच लिहून होतात. रोजच्या नोंदीत पहिली ओळ पानाच्या ओलीची. सकाळी मी बागेतून फेरी मारते तेव्हा पान ओले आहे का आणि कितीला कोरडे झाले, एवढेच. "पान 9.30 ला कोरडे." पाऊस झाला असेल तर मिलिमीटर. दुसरी ओळ वेलीच्या अवस्थेची, तीही बदल दिसला तरच: पोंगा, घड पोपटी, फुलोरा सुरू, मणी बाजरीएवढा. तिसरी ओळ झालेल्या कामाची. फवारणी असेल तर औषधाचे नाव आणि किती टाक्या गेल्या.

पानाच्या ओलीला मी सर्वांत वरचे स्थान देते. डाऊनी पान किती तास ओले राहिले यावर येतो, केवळ पाऊस पडला की नाही यावर नाही. सलग तीन चौकटींत पान दहा वाजेपर्यंत ओले असे दिसले की मी कोणाला न विचारता पानांची मागची बाजू तपासायला जाते. डिसेंबर 2021 च्या सुरुवातीच्या अवकाळी पावसात आमच्याकडे हा तक्ता नव्हता. बाग फुलोऱ्यात होती, आणि घडावर डाऊनी दिसला तेव्हा आधीचे किती दिवस पान ओले होते हे घरात प्रत्येकजण वेगळे सांगत होता.

दंडोबा

औषधाची मात्राही चौकटीत लिहायला हवी. नुसत्या नावाचा काय उपयोग?

अनुराधा मिरज

मात्रा, बॅच नंबर, बिल हे सगळे फवारणीच्या वहीत असते. निर्यातीचा प्लॉट नोंदवलेला असेल तर ती वही ठेवावीच लागते आणि तक्ता तिची जागा घेऊ शकत नाही. तक्त्यावर सगळे कोंबले तर अक्षर बारीक होते आणि चार फुटांवरून वाचता येत नाही. वाचता आले नाही की कोणी पाहत नाही.

दंडोबा

वही घरी राहते आणि औषध बागेत कालवले जाते. म्हणून मी मात्रा चौकटीतच लिहितो. माझे अक्षर बारीक असले तरी सुवाच्य आहे.

जुना माळकरी

यात ज्याच्या त्याच्या हाताला जे बसेल ते करावे. एका गोष्टीचा मात्र आग्रह धरतो. ज्या दिवशी काही झाले नाही, त्या दिवशी चौकटीत "काम नाही" असे लिहावे. कोरी चौकट दोन प्रकारे वाचता येते, काम झाले नाही किंवा काम झाले पण लिहायचे राहिले. पीएचआय मोजताना हा फरक चाळीस दिवसांचा पडू शकतो. आणि दुसऱ्या दिवशी आठवून लिहिले असेल तर कोपऱ्यात बारीक टिंब द्यावे, म्हणजे ती नोंद त्याच दिवशीची नाही हे पुढे कळते.

आकडेमोड

मी शीटमध्ये औषधाच्या शेवटच्या तारखेचे सूत्रही घातले आहे, म्हणजे पट्ट्याची सुरुवात बदलली की तारीख आपोआप बदलते. तक्त्यावर रेघ एकदा मारली की ती हलवता येत नाही. ही अडचण तुम्ही कशी सोडवता?

कृष्णाकाठ

मी पट्टा रंगवला होता तो वेगळ्या कागदाचा, टाचणीने लावलेला. सरकवता येत असे.

अनुराधा मिरज

ताई, छान सुचवलेत. रेघेऐवजी तांबडा दोरा दोन टाचण्यांना बांधला तर तोही सरकेल. यंदा करून पाहते.

जुना माळकरी

दोरा अलीकडे सरकवायला हरकत नाही. पलीकडे सरकवताना मात्र घरातल्या दोघांनी मिळून सरकवावा. फवारणीची घाई झालेल्या माणसाच्या हाती एकट्याने तो दोरा देऊ नये. मी त्या 18 जानेवारीला एकटाच होतो.

शिवारपान

आज 7 जानेवारी. धागा वर काढतो, कारण बाग 87 दिवसांची झाली आहे आणि तक्त्याच्या बारा ओळी पूर्ण होऊन तेरावीही तीन दिवसांत भरेल.

पेन्सिलीने लिहिलेल्या मित्राच्या वेळापत्रकातील जवळजवळ निम्म्या फवारण्या आम्ही मारल्याच नाहीत, कारण त्या दिवशी पान आठला कोरडे होते. डोळे अकराव्या दिवशी फुटले. फुलोरा 41 व्या दिवशी सुरू झाला, हे वडिलांनी स्वतः लिहिले. छाटणीचा दिवस आम्ही शून्य धरला, आमचे सल्लागार एक धरतात, त्यामुळे त्यांचा फोन आला की वडील आधी एक वजा करतात. ते पुढच्या वर्षी बदलावे लागेल.

काल दव फार होते. औषधाच्या दुकानातून एक नाव सांगण्यात आले. वडील मोटारीच्या खोलीत गेले आणि परत येऊन म्हणाले की त्याचा दोरा 31 डिसेंबरलाच ओलांडला. मी तो दोरा सात दिवस पलीकडे सरकवण्याचा विचार बोलून दाखवला, कारण थंडीमुळे माल लांबेल असे मला वाटते. वडिलांनी ब्रिक्स किती आहे विचारले. अजून एकदाही मोजलेला नाही, कारण पाणी आताच उतरू लागले आहे. त्यामुळे दोरा जागेवरच आहे.

आजच्या चौकटीत लिहिले आहे : "पान 10.15 ला कोरडे. पाणी उतरणे सुरू, पूर्वेच्या ओळी. फवारणी नाही."

जुना माळकरी

पूर्वेच्या ओळी पुढे आहेत, तर ब्रिक्स मोजताना त्यांचा आकडा वेगळा लिहा. सरासरीत मिसळू नका.